टोटल लॉस की दुरुस्ती? चुराडा झालेल्या गाडीचा हिशेब

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या एकाच प्रकारच्या अपघातात सापडल्या, दोघींचे नुकसानही सारखेच झाले, तरी एक दुरुस्त होऊन रस्त्यावर येऊ शकते आणि दुसरी भंगारात जाऊ शकते. गाडीमालकाला हे अन्यायाचे वाटते. त्याच्या डोळ्यांपुढे गाडीची अवस्था असते: पुढचा भाग आत गेलेला, एअरबॅग फुटलेल्या, चाक वाकडे झालेले. ‘एवढी मोडली, म्हणजे टोटल लॉसच,’ असे तो धरून चालतो. विमा कंपनी मात्र गाडी किती मोडली हे पाहून निर्णय घेत नाही. ती मोडलेल्या गाडीपायी आपल्याला किती पैसे द्यावे लागतील ते पाहते आणि ती रक्कम पॉलिसीवर छापलेल्या एका आकड्याशी ताडून बघते. हा हिशेब कसा मांडतात हे कळले, तर सर्व्हेअरच्या एका फोनने होणारी धावपळ बरीच कमी होते.

पॉलिसीवरचा आकडा

तो आकडा म्हणजे आयडीव्ही, गाडीची विम्यासाठी ठरवलेली किंमत. नूतनीकरणाच्या दिवशी कंपनीची त्या मॉडेलची जी जाहीर किंमत असेल, तिच्यातून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करून ती काढतात. 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमधले कोष्टक आजही त्यासाठी वापरात आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला 5 टक्के घसारा, एक वर्षापर्यंत 15, दोनपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. त्याहून जुन्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी आपसात ठरवतात.

ही किंमत पॉलिसी सुरू होताना ठरते आणि वर्षभर तीच राहते. टोटल लॉसच्या वेळी ‘आज बाजारात तुमच्या गाडीला एवढेच मिळाले असते’ असे म्हणून कंपनीला ती खाली ओढता येत नाही. मालकालाही ‘बाजारात मला जास्त मिळाले असते’ असे म्हणून ती वर नेता येत नाही.

आता मुख्य नियम. गाडी अपघाताच्या जागेवरून हलवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ मानली जाते. दुरुस्ती शक्य असते, पण आर्थिकदृष्ट्या ती परवडणारी नसते, असा त्याचा अर्थ. पॉलिसीतल्या या वाक्यात आणखी एक तुकडा असतो आणि बहुतेक भांडणे त्यातूनच उगवतात. हा खर्च पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून धरायचा असतो. म्हणजे वर्कशॉपच्या एस्टिमेटवरचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. त्यातून घसारा आणि इतर वजावटी काढून कंपनीच्या वाट्याला जो खर्च येतो, तो 75 टक्क्यांशी ताडायचा, असा सर्व्हेअर मंडळी साधारणपणे त्याचा अर्थ लावतात.

एका गाडीचा हिशेब

समजा, एका शिक्षिकेची 1200 सीसीची पेट्रोल गाडी साताऱ्याजवळ महामार्गावर उभ्या ट्रकवर मागून आदळली. गाडी साडेतीन वर्षांची. पॉलिसी घेताना त्या मॉडेलची जाहीर किंमत दहा लाख रुपये होती आणि गाडीने नुकतीच तीन वर्षे ओलांडली होती, म्हणून 40 टक्के घसारा जाऊन आयडीव्ही ठरला सहा लाख. त्याचे 75 टक्के म्हणजे साडेचार लाख. या गाडीच्या नशिबाची रेघ इथे आहे.

वर्कशॉपने करासह पाच लाख 32 हजारांचे एस्टिमेट दिले. बॉनेट, रेडिएटर, सस्पेन्शन असे धातूचे भाग दोन लाख 80 हजारांचे. बंपर, दिवे यांसारखे प्लॅस्टिकचे भाग आणि दोन एअरबॅग मिळून एक लाख 40 हजार. पुढची काच 12 हजार. मजुरी 60 हजार आणि रंगकाम 40 हजार. शिक्षिकाबाईंनी आकडा पाहिला आणि ठरवून टाकले, ‘सहा लाखांच्या गाडीला सव्वापाच लाखांवर खर्च, म्हणजे टोटल लॉस नक्की.’

मग सर्व्हेअर आला आणि त्याने प्रत्येक ओळीला कात्री लावली. भागांवरचा घसारा आयडीव्हीच्या घसाऱ्याहून वेगळा असतो. तो अपघाताच्या दिवशीच्या गाडीच्या वयावर आणि भाग कशाचा बनला आहे त्यावर ठरतो. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांना गाडी कितीही नवी असली तरी थेट निम्मी कपात, म्हणून एक लाख 40 हजारांचे 70 हजार उरले. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 25 टक्के कपात, म्हणून दोन लाख 80 हजारांचे दोन लाख दहा हजार. काचेला घसारा नाही. मजुरीलाही नाही. रंगकामाच्या बिलात चौथा हिस्सा रंगसाहित्याचा धरून त्याचा निम्मा भाग कापतात, त्यामुळे 40 हजारांचे 35 हजार झाले. बेरीज झाली तीन लाख 87 हजार. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपयांची सक्तीची वजावट असते, ती गेली. कंपनीची देणी उरली तीन लाख 86 हजार.

सहा लाखांच्या मानाने ही रक्कम 64 टक्के भरते. म्हणजे गाडी रेघेच्या आत राहिली आणि शेरा पडला दुरुस्तीचा. वर्कशॉपचे बिल मात्र पाच लाख 32 हजारांचेच राहणार. मधला एक लाख 46 हजारांचा फरक बाईंच्या खिशातून जाणार. त्यांच्या दृष्टीने हा सगळ्यांत वाईट निकाल आहे: एवढे पैसे भरून त्यांना एक मोठ्या अपघातातून आलेली गाडी परत मिळणार.

झिरो डेप आणि कमी आयडीव्ही

आता याच गाडीच्या पॉलिसीत झिरो डेप हे जोडकलम असते तर? मग भागांवरचा घसारा कंपनी सोसते. पाच लाख 32 हजारांतून फक्त हजाराची वजावट गेली की उरले पाच लाख 31 हजार. साडेचार लाखांची रेघ सहज ओलांडली गेली. गाडी टोटल लॉस, आणि सहा लाखांतून हजार वजा जाऊन पाच लाख 99 हजारांचा हिशेब. तोच ट्रक, तेच नुकसान, तेच वर्कशॉप, आणि निकाल उलटा. सुरुवातीला सांगितलेल्या दोन सारख्या गाड्यांचे गूढ एवढेच आहे.

असाच उलटफेर आयडीव्हीनेही होतो. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून अनेक जण आयडीव्ही खाली घेतात. बाईंनी तो पाच लाखांवर आणला असता, तर रेघ पावणेचार लाखांवर आली असती आणि कंपनीची तीच तीन लाख 86 हजारांची देणी तिच्या पलीकडे गेली असती. गाडी टोटल लॉस ठरली असती, पण बाईंच्या हाती सहा लाखांऐवजी पाच लाखांतूनच पैसे आले असते. आयडीव्ही कमी केला की भरपाई कमी होते हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. गाडी भंगारात जाण्याची रेघही त्यासोबत खाली सरकते, हे सहसा कोणी सांगत नाही.

गाडी उघडल्यावर

पहिले एस्टिमेट बाहेरून दिसते तेवढ्याचे असते. खरा आकडा गाडी सोडवल्यावर कळतो. बंपर, रेडिएटर, पुढचा पत्रा उतरला की मागे काय वाकले आहे ते दिसते. म्हणून मोठ्या अपघातात वर्कशॉप दुसरे, पुरवणी एस्टिमेट देते आणि सर्व्हेअर पुन्हा येऊन पाहतो.

आपल्या उदाहरणात गाडी सोडवल्यावर चासिसचा पुढचा लांब दांडा वाकलेला आणि गिअरबॉक्सचे आवरण तडकलेले निघाले. डॅशबोर्डही बदलावा लागणार असे दिसले. धातूचे 70 हजार, प्लॅस्टिकचे 20 हजार आणि मजुरीचे 15 हजार वाढले. घसारा जाऊन कंपनीच्या देण्यात साडेसत्याहत्तर हजारांची भर पडली आणि एकूण झाले चार लाख साडेत्रेसष्ट हजार. झिरो डेप नसतानाही आता गाडी रेघेपलीकडे गेली.

म्हणूनच गाडी पूर्ण न उघडता दिलेल्या ‘दुरुस्त करा’ या शेऱ्यावर लगेच सही करू नये. चासिसला धक्का लागला आहे का, याच्या काही खुणा असतात. दार आणि खांब यांमधली फट वरखाली सारखी नसते. दार उचलून लावावे लागते. समोरच्या दोन कोपऱ्यांपासून मागच्या विरुद्ध कोपऱ्यांपर्यंतची तिरकी मापे जुळत नाहीत. चांगल्या वर्कशॉपमध्ये चासिस मापण्याचा बाक असतो. त्यावरच्या मापांची नोंद सर्व्हेअरच्या अहवालाला जोडा, अशी मागणी मालकाने करावी. वाकलेला दांडा ओढून सरळ करायचा की बदलायचा, या एका प्रश्नावर कित्येक हजारांचा फरक पडतो आणि तेवढ्याने गाडी रेघेच्या या बाजूची त्या बाजूला जाऊ शकते.

सांगाड्याची किंमत

कंपनीचा हिशेब 75 टक्क्यांवर संपत नाही. मोडलेल्या गाडीलाही किंमत असते. तिला या व्यवसायात सॅल्व्हेज म्हणतात. सर्व्हेअर किंवा कंपनी गाडीचे फोटो ऑनलाइन लिलावात टाकते आणि जुन्या गाड्यांचे व्यापारी बोली लावतात. आपल्या गाडीला एक लाख 60 हजारांची बोली आली असे धरू. टोटल लॉसमध्ये पॉलिसीच्या अटीप्रमाणे कंपनीची जबाबदारी आयडीव्हीतून सांगाड्याची किंमत वजा करून असते. म्हणजे पाच लाख 99 हजारांतून एक लाख 60 हजार गेले की चार लाख 39 हजार.

सर्व्हेअरच्या अहवालात म्हणूनच बहुधा दोन-तीन रकमा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात: दुरुस्ती केली तर किती, टोटल लॉस केला तर किती, सांगाडा मालकाकडेच ठेवून रोख दिले तर किती. सुरुवातीच्या हिशेबात दुरुस्ती तीन लाख 86 हजारांची आणि टोटल लॉस चार लाख 39 हजारांचा, तेव्हा कंपनीला दुरुस्ती स्वस्त. पुरवणी एस्टिमेटनंतर दुरुस्ती चार लाख साडेत्रेसष्ट हजारांची, तेव्हा टोटल लॉस स्वस्त. सॅल्व्हेजची बोली चढली की टोटल लॉस कंपनीला हवासा वाटू लागतो, उतरली की दुरुस्ती बरी वाटते.

टोटल लॉस ठरल्यावर पैसे बहुधा दोन ठिकाणांहून येतात. कंपनी चार लाख 39 हजार देते आणि लिलावात निवडलेला व्यापारी एक लाख 60 हजार. बोलीला मुदत असते. कागदपत्रे लांबली आणि मुदत उलटली तर व्यापारी मागे हटतो किंवा भाव पाडतो. अशा वेळी बोलीची रक्कम कोणाच्या जोखमीची, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. उभ्या गाडीचे भाडे वर्कशॉप मागू शकते, तेही कोण भरणार हे विचारून ठेवावे.

रेघेच्या आत राहिलेल्या गाडीसाठीही एक मधला मार्ग आहे. त्याला कॅश लॉस म्हणतात. दुरुस्ती न करता कंपनीने आपली देणी रोख द्यावी आणि सांगाडा मालकाने विकावा. न झालेल्या कामावरचा कर आणि मजुरी धरून कंपनी काही कपात करते आणि हा मार्ग देणे तिच्यावर बंधनकारक नाही. तरी पहिल्या हिशेबातल्या बाईंनी तो मागून पाहायला हवा. तीन लाख 86 हजारांतून काही कापले गेले तरी सांगाड्याचे एक लाख 60 हजार धरून हाती पाच लाखांच्या आसपास येऊ शकतात. दुरुस्तीत मात्र जवळचे दीड लाख घालावे लागतात.

पुरातली गाडी

जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात गाडीचा पत्रा वाकत नाही, त्यामुळे बाहेरून ती धडधाकट दिसते. पण आताच्या गाडीत सीटखाली, कार्पेटखाली आणि डॅशबोर्डमागे वायरींचे जाळे आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. चिखलाचे पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले, की हे सगळे बदलावे लागते आणि खर्च चटकन रेघ ओलांडतो.

मात्र इथेही अटी व शर्तींचा तोच तुकडा आडवा येतो. पाण्यात उभी गाडी सुरू करायला गेल्यास पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये जाते. पाणी दाबले जात नाही, म्हणून पिस्टनचा दांडा वाकतो. हे नुकसान पुरामुळे नाही तर गाडी सुरू केल्यामुळे झाले, असे म्हणून इंजिन संरक्षणाचे जोडकलम नसेल तर कंपनी तो खर्च मान्य करत नाही. मान्य न झालेला खर्च 75 टक्क्यांच्या हिशेबातही धरला जात नाही. इंजिन गेलेली गाडी मग रेघेच्या आतच राहते आणि इंजिनचा खर्च मालकाच्या माथी येतो. पाण्यातली गाडी सुरू न करता ओढून न्यावी, असे सांगतात ते म्हणूनच.

कर्ज आणि आरसी

गाडीवर कर्ज असेल तर टोटल लॉसचे पैसे आधी बँकेला जातात, उरले तर मालकाला. पहिल्या तीन वर्षांत आयडीव्ही झपाट्याने उतरतो आणि मुद्दल हळूहळू फिटते, त्यामुळे गाडी गेल्यावरही हप्ते शिल्लक राहण्याची पाळी येते. नव्या गाडीला ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोडकलम घेतले असेल तर टोटल लॉसमध्ये बिलाची किंमत मिळते, बऱ्याच पॉलिसींत नोंदणी आणि रोड टॅक्सही. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

आरसीचा मुद्दा पैशांहून नाजूक आहे. सॅल्व्हेजची बोली आरसीसह जास्त येते आणि आरसी रद्द करून दिल्यास कमी. काही सांगाडे दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात, तेव्हा आरसीला मोल असणारच. पण चोरीच्या गाडीवर भंगारातल्या गाडीचा चासिस क्रमांक आणि कागद चढवून ती विकण्याचा धंदाही यावरच चालतो. बऱ्याच व्यवहारांत व्यापारी मालकाकडून हस्तांतरणाच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो आणि गाडी कोणाच्याही नावावर न करता पुढे फिरवतो. आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच राहता. त्या गाडीने अपघात केला, तर दाव्याची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 55 नुसार मालकाने ते 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी जमा करायची असते. दुरुस्त होऊ न शकणाऱ्या गाडीची आरसी रद्द करून देण्याचाच आग्रह धरावा. सांगाडा आरसीसह जाणार असेल, तर खरेदीदाराच्या नावावर हस्तांतरण झाल्याचे आरटीओच्या नोंदीत दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

वाद झाला तर

मोठ्या नुकसानीत परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल सक्तीचा असतो आणि मालकाने मागितल्यास त्याची प्रत मिळते. 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकांप्रमाणे दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून 15 दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय द्यायचा, अशी अपेक्षा आहे.

अहवाल हाती आला की तीन ओळी तपासाव्या. 75 टक्के कोणत्या रकमेवर काढले, एस्टिमेटवर की घसारा गेल्यानंतरच्या देण्यावर? पुरवणी एस्टिमेट त्यात धरले आहे का? आणि सॅल्व्हेजची किंमत प्रत्यक्ष बोलीवरून आली की सर्व्हेअरच्या अंदाजावरून? या तिन्हींपैकी एखादीत खोट दिसली, तर त्याच ओळीवर बोट ठेवून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ‘माझी गाडी फारच मोडली आहे’ या युक्तिवादाला तिथे वजन नसते. ‘चासिसचा दांडा बदलण्याचा खर्च तुम्ही धरलेला नाही आणि तो धरला तर देणी साडेचार लाखांवर जातात,’ याला असते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. कंपनीच्या उत्तरापासून वर्षभरात तक्रार करावी लागते. तोवर गाडीच्या सोडवलेल्या भागांचे फोटो, दोन्ही एस्टिमेट आणि बोलीची पत्रे जपून ठेवावी. सांगाडा एकदा विकला गेला, की काय मोडले होते याचा दुसरा पुरावा उरत नाही.